मापटं, मूठ आणि ‘अंदाजाने’: घरच्या पाककृतींच्या वहीतून पुस्तक तयार करताना

घरातल्या जुन्या वहीवरून पाककृतींचं पुस्तक करायचं ठरलं की बहुतेक जण सरळ टाइप करायला बसतात. वीस-पंचवीस पानं झाल्यावर लक्षात येतं की ‘१ मापटं’, ‘२ मूठ’, ‘अंदाजाने’ असं लिहिलेलं जसंच्या तसं छापलं तर पुण्यात राहणारी नात त्यावरून काहीच करू शकणार नाही. मग कुणीतरी मनानेच ‘१ कप’ लिहून टाकतं आणि पदार्थ बिघडतो. म्हणून सुरुवातीलाच एक पक्कं करून घ्या: वहीतला मूळ मजकूर, करून पाहिलेली कृती आणि पदार्थाची गोष्ट या तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या, एकमेकींत मिसळायच्या नाहीत. यातलं सगळ्यात जास्त काम मापांचं आहे. इथे भरही त्यावरच आहे.

आधी वही, मग टायपिंग

वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो घ्या. कोरी पानं, पुठ्ठ्याची आतली बाजू, पानांत ठेवलेल्या चिठ्ठ्या, लग्नपत्रिकेच्या मागे लिहिलेली यादी, काहीही सोडू नका. दिवसा खिडकीजवळ वही सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून, मोबाइल पानाला समांतर धरून फोटो काढला की पुरतो. पेन्सिलीची अक्षरं पुसट असतील तर उजेड एका बाजूने तिरका येऊ द्या, दाबून लिहिलेल्या खुणा उठून दिसतात. प्रत्येक फोटोला वही आणि पान यांचा क्रमांक द्या, उदाहरणार्थ ‘वही-२, पान-१४’. हाच क्रमांक पुढे छापील पानावरही जाणार आहे.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका आणि पानं लॅमिनेट करू नका. टेपचा डिंक काही वर्षांत पिवळा पडतो आणि अक्षरांवर उतरतो, तर लॅमिनेट केलेलं पान पुन्हा सोडवता येत नाही. सुटी पानं कागदी पाकिटात ठेवली तरी चालतं.

मग मजकूर उतरवा, आहे तसा. ऱ्हस्व-दीर्घ सुधारू नका, गाळलेला शब्द भरू नका. वाचता न आलेल्या जागी चौकटी कंस घालून प्रश्नचिन्ह द्या. या प्रतीत एकही दुरुस्ती नको. पुढे कुणी विचारलं की ‘आजीने खरंच गूळ लिहिला होता का’, तर उत्तर देणारा कागद हाच.

उतरवताना शब्दांकडे लक्ष द्या. कित्येक घरांत ‘चटणी’ म्हणजे लाल तिखट असतं, आणि ‘चटणी २ चमचे’ या ओळीचा दुसराच अर्थ लावला तर भाजी फुकट जाते. विदर्भाला लागून असलेल्या हिंगोली-नांदेडकडच्या घरांत ‘सांबार’ म्हणजे कोथिंबीर असू शकते. नुसतं ‘तेल’ लिहिलं असेल तर विचारून घ्या, कारण मराठवाड्यात करडईचं तेल घरोघरी होतं आणि त्याची चव आजच्या पिशवीतल्या रिफाइंड तेलापेक्षा वेगळी असते. छापताना घरचा शब्द ठेवा आणि कंसात खुलासा करा.

जुनी मापं वाचताना

जुन्या वहीत दोन प्रकारची मापं एकाच यादीत येतात. शेर, पावशेर, नवटाक, छटाक, तोळा ही तराजूची. चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली ही भरून मोजायची. ‘शेर’ दोन्हींकडे आहे, आणि गोंधळ तिथेच होतो. तेल, तूप, गूळ, मसाले यांच्यापुढे शेर असेल तर तो बहुधा वजनाचा. ज्वारी, डाळ, गहू यांच्यापुढे असेल तर बहुधा मापाचा.

वजनाचा शेर ८० तोळ्यांचा धरला तर ९३३ ग्रॅम होतो. त्या हिशेबाने पावशेर २३३ ग्रॅम, नवटाक साधारण ११७ ग्रॅम, छटाक ५८ ग्रॅम आणि तोळा ११.७ ग्रॅम. पण किलोग्रॅम व्यवहारात आल्यावर, म्हणजे १९६० च्या आसपासपासून, बाजारात ‘पावशेर’ म्हटलं की २५० ग्रॅम दिलं जाऊ लागलं आणि आजही तसंच चालतं. त्यामुळे वही केव्हा लिहिली गेली हे ठाऊक हवं. भाजी-आमटीत हा सात टक्क्यांचा फरक कळतही नाही. लोणच्याचं मीठ आणि पापडाचा खार यांत मात्र तो कळतो, तिथे दोन्ही आकडे करून पाहिल्याशिवाय छापू नका.

भरून मोजायच्या मापांत दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली आणि दोन अधोल्यांची एक पायली. हा दुपटीचा हिशेब भरवशाचा आहे. पण चिपट्यात नेमकं किती मावतं हे गावागणिक बदलत असे. घरात जुनं माप शिल्लक असेल तर त्यातच ते धान्य सपाट भरून वजन करा. पाणी भरून पाहू नका, जुनी मापं अनेकदा गळकी असतात. माप हरवलं असेल तर ग्रॅमचा आकडा शोधत बसू नका, प्रमाण घ्या. ‘डाळ १ मापटं, गहू १ चिपटं’ याचा अर्थ डाळ दोन भाग, गहू एक भाग. पदार्थ प्रमाणाने ठरतो, एकूण वजन तुम्ही आजच्या गरजेप्रमाणे ठरवा.

वाटी, पळी, चमचा हे घरचे असतात, म्हणून ते घरीच मोजायचे. त्यासाठी एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणा, वाटी काठोकाठ पाण्याने भरा. पाणी जितके ग्रॅम, तितके मिलीलीटर वाटीत मावतात. एकाच घरातल्या दोन वाट्यांत १२० आणि १८० मिलीलीटर इतका फरक सहज निघतो, तेव्हा कृती लिहिणारी बाई कुठली वाटी वापरायची हे विचारून तीच मोजा. पुस्तकात मात्र सगळीकडे एकच प्रमाण ठेवा: कप २४० मिलीलीटर, मोठा चमचा १५ मिलीलीटर, लहान चमचा ५ मिलीलीटर, आणि सगळे चमचे सपाट. पिठं मात्र ग्रॅममध्येच द्या. बेसन चमच्याने हलकं भरलं आणि डब्यात वाटी खुपसून दाबून भरलं तर त्याच वाटीत वीसेक टक्के जास्त बसतं. धिरड्याचं पीठ एकदा पातळ आणि एकदा घट्ट का झालं, याचं कारण अनेकदा एवढंच असतं.

हाताचा अंदाज कसा मोजायचा

‘मीठ किती?’ असं विचारलं तर उत्तर ‘चवीपुरतं’ असंच येतं. विचारण्यापेक्षा आत्या स्वयंपाक करत असताना मोजा. मिठाचा डबा काट्यावर ठेवून आकडा लिहा. आत्या नेहमीसारखं हाताने मीठ घेतील, मग पुन्हा आकडा लिहा. वजाबाकी म्हणजे त्यांचा अंदाज. तेलाची बरणी, तिखटाचा डबा, कणकेचा डबा, सगळ्यांचं असंच करायचं. त्यांना थांबवून ‘हे आधी वाटीत घ्या’ म्हटलं की हात बुजतो आणि माप खोटं येतं. पाण्यासाठी तांब्या आधी भरून मोजून ठेवा, उरलेलं शेवटी मोजा.

मोजणी एकदा करून भागत नाही. तीन वेळा स्वयंपाक पाहा, सरासरी घ्या. एखाद्या वेळचा आकडा फारच वेगळा आला तर कारण विचारा. बहुतेकदा पीठ ताजं होतं, मिरची तिखट होती, किंवा माणसं जास्त होती असं काहीतरी निघतं, आणि तेही पुस्तकात लिहिण्यासारखंच असतं. हिंग, लवंग, जायफळ अशा अगदी कमी वजनाच्या गोष्टींवर साधा काटा भरवशाचा नाही. पाच ग्रॅमच्या खालचं सगळं लहान चमच्याने किंवा नगावर मोजा.

मोजत असताना एका हातात वही ठेवा आणि खुणाही लिहा. ‘मध्यम आंचेवर सहा मिनिटं’ हे त्या कढईपुरतं खरं असतं. चुलीवरच्या जाड लोखंडी कढईचं आणि गॅसवरच्या पातळ नॉनस्टिकचं गणित जुळत नाही. म्हणून खूण आधी, मिनिटं नंतर: ‘डाळीवर तांबूस ठिपके येऊन खमंग वास सुटेपर्यंत, साधारण सहा ते आठ मिनिटं’.

एक कृती शेवटपर्यंत: येसर

उदाहरणादाखल येसराची, म्हणजे आमटीसाठी डाळ, धान्यं आणि मसाले भाजून दळलेल्या पिठाची नोंद घेऊ. मराठवाड्यातल्या पुष्कळ वह्यांत ही सापडते आणि मापांचे जवळजवळ सगळे प्रश्न हिच्यात येतात. वहीत असं लिहिलं आहे असं धरू:

‘येसर. ह. डाळ १ मापटं, गहू १ चिपटं, बाजरी १ चिपटं, धने २ मूठ, जिरे १ मूठ, मिरच्या अंदाजाने, हळद, हिंग, लवंग मिरे थोडे. वेगवेगळे भाजून दळावे. बाजरी जास्त भाजू नये.’

धान्यं आधी घेऊ. प्रमाण दोन, एक, एक. डाळ, गहू, बाजरी या तिन्हींचं आकारमानाच्या मानाने वजन जवळपास सारखंच भरतं, त्यामुळे मापाचं प्रमाण वजनातही तसंच ठेवता येतं. घरातल्या मापट्यात डाळ ४०० ग्रॅम भरली असं समजा, तर गहू आणि बाजरी प्रत्येकी २०० ग्रॅम.

धने-जिऱ्याला हा नियम लागू नाही. धने पोकळ आणि हलके, जिरं त्यामानाने भरीव. ज्यांचं येसर घरात सगळ्यांना आवडतं त्यांच्याच मुठी तीन-तीन वेळा मोजा. समजा मूठभर धने २० ग्रॅम आले आणि मूठभर जिरं २४ ग्रॅम. म्हणजे दोन मुठी धने ४० ग्रॅम, एक मूठ जिरं २४ ग्रॅम.

एवढं येसर चार माणसांच्या घरात फार दिवस पडून राहील, म्हणून सगळं निम्मं करू: डाळ २००, गहू १००, बाजरी १००, धने २०, जिरं १२ ग्रॅम. कोरड्या जिनसा अशा सरळ निम्म्या करता येतात.

‘अंदाजाने’ आणि ‘थोडे’ यांना आकडा करूनच पाहावा लागतो. मिरच्या देठं काढून १५ ग्रॅम, लवंगा ४, मिरे १२, हळद एक लहान चमचा, हिंग पाव लहान चमचा, इथून सुरुवात करा. चाखायला दळलेलं कोरडं पीठ नको, आमटी करूनच चाखा. कमी वाटलं तर पुढच्या खेपेला मिरच्या ५ ग्रॅमने वाढवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर चव कशाने सुधारली ते कळणार नाही.

‘वेगवेगळे भाजून’ हे दोन शब्द छापील कृतीत चार ओळी व्हायला हवेत. गहू जाड, बाजरी बारीक. एकत्र भाजलं तर गहू आतून कच्चा राहतो तोवर बाजरी करपते. म्हणून मंद आंचेवर आधी गहू, तो तडतडून फुगेपर्यंत. मग डाळ, तांबूस ठिपके येईपर्यंत. मग बाजरी, पहिले काही दाणे तडतडले की लगेच उतरवायची, कारण करपलेल्या बाजरीचा कडवटपणा आमटीत लपत नाही. वहीतली शेवटची सूचना याचसाठी आहे. धने-जिरं शेवटी, कढई नुसती गरम असताना, वास सुटेपर्यंत. मिरच्या आणि लवंग-मिरे थेंबभर तेलावर. हळद आणि हिंग भाजायचं नाही, दळताना घालायचं.

सगळं पूर्ण गार झाल्यावरच दळा. गरम असताना दळलं तर वाफ धरते, डब्यात गुठळ्या होतात आणि वास बदलतो. एवढं कमी प्रमाण गिरणीत नेण्यापेक्षा मिक्सरमधून काढून पिठाच्या चाळणीने चाळा. गिरणीत आधीच्या दळणाचं पीठ यात मिसळतं आणि अर्धा किलोत ते जाणवतं. भाजण्यात ओल गेली, चाळणीत थोडं उरलं, तरी हातात साधारण सव्वाचारशे ग्रॅम येसर येतं. तुमच्याकडे प्रत्यक्ष किती आलं ते मोजून लिहा.

येसर कसं वापरायचं हे वहीत बहुधा लिहिलेलंच नसतं, कारण लिहिणारीला ते सांगायची गरज वाटली नाही. पुस्तकात ते हवं. चार जणांच्या आमटीला ४० ग्रॅम, म्हणजे सुमारे पाच मोठे चमचे येसर आणि ८०० मिलीलीटर पाणी. येसर आधी कपभर गार पाण्यात कालवायचं. थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर गाठींची बाहेरची बाजू लगेच शिजते आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. फोडणीत उरलेलं पाणी घालून उकळी आली की कालवण ओतायचं, आठ-दहा मिनिटं मंद उकळू द्यायचं. गार होताना आमटी आणखी दाट होते, म्हणून चुलीवर असताना ती थोडी पातळच दिसायला हवी. ही ओळ नसली की नवशिका माणूस येसर वाढवत जातो आणि तासाभराने पिठलं होतं.

लग्नकार्याच्या मापावरून घरगुती माप करताना पाणी, तेल आणि मीठ सरळ भागाकाराने कमी करू नका. लहान भांड्यात त्या मानाने जास्त पाणी आटतं, आणि फोडणीला किमान तेल लागतंच. पन्नास माणसांच्या आमटीवरून पाच माणसांची करताना कोरड्या जिनसा दहाव्या हिश्शाने घ्या, बाकीचं करून पाहून ठरवा.

दुसऱ्याच्या हातून करून घ्या

कृती लिहून झाली की ती कधीच न केलेल्या माणसाला कागद द्या, त्याच्याच स्वयंपाकघरात, त्याच्याच भांड्यांत. तुम्ही बाजूला बसा आणि तोंड उघडू नका. तो जिथे थांबून प्रश्न विचारेल, तिथे कागदावर एक ओळ कमी आहे. ‘किती बारीक चिरू?’, ‘झाकण ठेवायचं का?’, ‘आता गॅस बंद?’ हे नेहमीचे. ओळ भरा आणि शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला द्या. अशी पार न पडलेली कृती पुस्तकात घ्यायचीच असेल तर शीर्षकाखाली ‘करून पाहिलेली नाही’ असं स्पष्ट छापा. त्यात कमीपणा नाही, आणि वाचणारा सावध राहतो.

गोष्ट कशी मिळवायची

‘या पदार्थाची काही आठवण सांगा’ म्हटलं की ‘आम्ही नेहमी करायचो’ इतकंच मिळतं. नेमकं विचारा: हे कुणाकडून शिकलात, माहेरी असंच करायचे का, कुठल्या दिवशी व्हायचं, कोण जास्त खायचं, एखादी जिन्नस मिळाली नाही तर काय घालायचे. शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात चांगली उत्तरं येतात. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेल्या लाल मिलोच्या भाकरी आणि दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी, हे अनेक घरांतल्या वडीलधाऱ्यांना अजून आठवतं, आणि त्यातूनच काही पदार्थांत झालेले बदल कळतात.

वर्ष विचारलं तर चुकीचं येतं. खूणगाठ विचारा. दुष्काळाच्या आधी की नंतर, निजाम गेला तेव्हा लग्न झालं होतं का, किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी कुठे राहत होतात. सप्टेंबर १९४८ आणि ३० सप्टेंबर १९९३ या तारखा पक्क्या आहेत, त्यांच्या अलीकडे-पलीकडे आठवण बसवता येते.

गोष्ट शंभर शब्दांत ठेवा, सांगणाऱ्याचं नाव आणि नातं द्या, बोलण्याचा लहेजा राहू द्या. मोठी आत्या आणि धाकट्या काकू वेगळं सांगत असतील तर दोन्ही छापा. आजारपण, वाटणी, मोडलेली सोयरीक असं काही आलं तर छापण्याआधी त्या माणसाला वाचून दाखवा.

पानाचा साचा

प्रत्येक पानावर गोष्टी त्याच क्रमाने याव्यात: पदार्थाचं नाव आणि घरातलं दुसरं नाव, कुणाची कृती, वही-पान क्रमांक, किती जणांना किंवा किती ग्रॅम होतं, लागणारा वेळ. मग साहित्य, वापरण्याच्या क्रमाने, आधी ग्रॅम आणि पुढे कंसात घरचं माप. मग क्रमांक दिलेली कृती, एका क्रमांकात एकच काम. त्याखाली किती दिवस टिकतं, मग गोष्ट, आणि तळाला मूळ नोंद आहे तशी. येसराच्या पानाचा वरचा भाग असा दिसेल:

येसर
कृती: आजी (वडिलांकडची). वही-२, पान-१४
होतं: सुमारे ४२५ ग्रॅम, साधारण दहा वेळच्या आमटीला
वेळ: भाजणं ४० मिनिटं, गार होणं २ तास, दळणं १५ मिनिटं
हरभरा डाळ २०० ग्रॅम (अर्धं मापटं)
गहू १०० ग्रॅम (अर्धं चिपटं)

एका कृतीत ‘जिरं’ आणि दुसरीत ‘जिरे’, एकीत ‘लहान चमचा’ आणि दुसरीत ‘टीस्पून’ असं व्हायला नको. म्हणून सुरुवातीलाच एका कागदावर शब्दांची यादी करून ठेवा आणि टाइप करणाऱ्या सगळ्यांना द्या.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. पुष्कळ डीटीपीवाले अजून जुन्या फाँटमध्ये काम करतात. त्यात रूपांतर करताना ‘भाजणाऱ्या’, ‘दुसऱ्या’ यांतला ‘ऱ्य’ आणि काही जोडाक्षरं मोडतात, आणि ती फाइल पुढे शोधताही येत नाही. Mukta किंवा Tiro Devanagari Marathi हे मोफत फाँट चांगले आहेत. दुकानात वर्ड फाइल देऊ नका, फाँटसकट बनवलेली पीडीएफ द्या आणि आधी एकच पान छापून घेऊन त्यातले सगळे ‘ऱ्य’ तपासा.

आकार ए-फाइव्ह, अक्षर किमान १२ पॉइंट, कारण पुस्तक ओट्यावर हातभर अंतरावरून वाचलं जाणार आहे. छपाई लेझरवर करा, इंकजेटची शाई ओल्या बोटाने पसरते. बांधणी वायरो किंवा स्पायरल घ्या, पाठीला डिंक लावलेलं पुस्तक उघडं राहत नाही आणि उघडं ठेवायला दाबलं की पानं सुटतात. कृती शक्यतो समोरासमोरच्या दोन पानांत संपवा, पिठाच्या हाताने पान उलटावं लागू नये.

प्रत्येक विभागाच्या शेवटी दोन पानं आखलेली पण कोरी सोडा. पहिल्या प्रती वाटल्यावर फोन येऊ लागतात: आमच्याकडे यात तीळ असतात, तुम्ही गूळ विसरलात. तो बदल, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख त्या पानांवर पेनाने लिहिता येते, आणि दुसऱ्या आवृत्तीचं काम तिथूनच सुरू करता येतं.